कपाच्या काठावर लटकलेली कॉफी

गाळणीतल्या कॉफीवर हातानं गरम पाणी ओतून ती करण्याच्या रीतीला पोअर-ओव्हर म्हणतात. ड्रिप बॅग म्हणजे प्रवासात नेता येणारं छोटं पोअर-ओव्हर, असं विकणारे सांगतात आणि आपणही तसंच धरून चालतो. म्हणून घरी ड्रिपरवर जसं पाणी ओततो तसंच हिच्यावर ओततो, आणि कॉफी पाणचट झाली की खापर कॉफी भाजणाऱ्या रोस्टरवर फोडतो. इतकी वर्षं या पुड्या बॅगेत टाकून फिरल्यावर माझं मत असं झालं आहे की ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात पाणी वेगळ्या वाटेनं जातं, त्यामुळे तिची करण्याची रीतही वेगळी. ती रीत कळली की प्रवासात ड्रिप बॅग कुठे पोअर-ओव्हरच्या तोडीस उतरते आणि कुठे उतरत नाही, हेही आपोआप कळतं.

आधी ती नीट पाहू. बाहेरची चकचकीत पुडी फाडली की आत पांढऱ्या, न विणलेल्या कापडाची चपटी पिशवी निघते. तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठ्याचे कान चिकटवलेले असतात. आत दळलेली कॉफी, आपल्याकडच्या रोस्टरांच्या पुड्यांत बहुधा १० ते १२ ग्रॅम. ही कल्पना जपानची, आणि तिथे तर किराणा दुकानापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत सगळीकडे ती मिळते. वरची पट्टी रेघेवर फाडायची, कान बाहेर ओढून कपाच्या काठावर अडकवायचे, की पिशवी कपाच्या मधोमध तोंड उघडून लटकते. कान तिला दोन्ही बाजूंनी ताणून धरतात, म्हणून ती मिटत नाही.

आता पाणी ओतल्यावर काय होतं ते बघा. पिशवीचं कापड चहूबाजूंनी उघडं आहे. खाली कॉफीचा थर, आणि त्याच्या वर नुसती कापडाची भिंत. ओतलेलं पाणी कॉफीच्या वर साचलं की त्याला थरातून खाली उतरण्याची काही सक्ती नसते. ते सरळ बाजूच्या कापडातून बाहेर पडतं आणि कॉफीला न भेटताच कपात उतरतं. एखादी पिशवी उजेडात लटकवून हळू ओतलंत तर हे डोळ्यांनी दिसतं. तळातून पडणारे थेंब गडद तपकिरी असतात, आणि पिशवी काठोकाठ भरली की बाजूंवरून फिकट, चहाच्या रंगाचे ओघळ उतरू लागतात. पाणचट कॉफीचं मूळ बहुतेक वेळा या ओघळांत असतं.

व्ही-६० सारख्या ड्रिपरमध्येही थोडं पाणी असं बगल देऊन जातं, कारण आतल्या वळणदार कडांमुळे कागद आणि भिंत यांच्यात फट राहते. पण तिथे शंकूचा आकार पाण्याला मध्याकडे लोटत राहतो, कॉफीचा थर खोल असतो आणि जाड कागद पाणी जरा धरून ठेवतो. कागदातून कॉफी गाळायची ही सगळी परंपरा जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्झ यांच्यापर्यंत मागे जाते. १९०८ साली त्यांनी भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात टीपकागद घालून पाहिला होता. ड्रिप बॅगमध्ये त्या भांड्याचं काम करणारं कुणी नाही. गाळणी आहे, पण गाळणीला धरणारी भिंत नाही. त्यामुळे भिंतीचं काम ओतणाऱ्या हाताला करावं लागतं: पाणी इतकंच घालायचं की ते कॉफीच्या थराच्या फार वर चढू नये.

म्हणून माझी रीत अशी. पुडी फाडण्याआधी ती उभी धरून दोन-चार वेळा हलवते, म्हणजे पूड तळाशी बसते आणि वरची पट्टी फाडताना सांडत नाही. पट्टी फाडून झाल्यावर पिशवी पुन्हा हलकेच हलवून पूड सपाट करायची. एका बाजूला ढीग राहिला तर पाणी दुसऱ्या, उथळ बाजूनं पळून जातं. मग कान पूर्ण उघडून कपावर अडकवायचे. एक कान सैल राहिला तर ओल्या पिशवीच्या वजनानं ती बाजू कपात घसरते, आणि तेव्हा नेमकं आपल्या एका हातात उकळतं पाणी असतं.

१० ग्रॅमच्या पुडीला एकूण १५० मिलिलिटर पाणी. त्यातलं साधारण २० मिलिलिटर चोथा पिऊन टाकतो, कपात १३० च्या आसपास उतरतं. कप लहान वाटतो खरा, पण १० ग्रॅमकडून याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. पुडीच्या मागे कधी २०० लिहिलेलं असतं. ते मी मनावर घेत नाही. १२ ग्रॅमची पुडी असेल तर १८० पर्यंत जावं.

पहिलं पाणी फक्त भिजवण्यापुरतं, २० ते २५ मिलिलिटर, सगळी पूड ओली होईल असं. मग अर्धा मिनिट थांबायचं. भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो बाहेर पडत असेपर्यंत तो पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून हा वेळ द्यायचा. त्यानंतर उरलेलं पाणी तीन-चार वेळा करून घालायचं, दर वेळी ३०-४० मिलिलिटर. धार बारीक, कापडापासून दूर, मधोमध आणि अगदी जवळून. पाणी पूर्ण उतरण्याच्या जरा आधी पुढचं घालायचं. पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत दोन ते अडीच मिनिटं लागली पाहिजेत. एका मिनिटात आटोपलं, तर पाणी बाजूनं गेलं असं समजावं.

प्रवासात ही बारीक धार आणायची कुठून? हॉटेलच्या केटलचं तोंड रुंद असतं, वाकवली की पाणी भसकन येतं. यावर माझा उपाय म्हणजे स्टीलचं फुलपात्र. केटलमधलं पाणी आधी त्यात घ्यायचं, नॅपकिनमध्ये धरायचं आणि त्यातून ओतायचं. ओठाची कड वळवलेल्या फुलपात्रातून धार बऱ्यापैकी काबूत राहते. तरीही जोरात येत असेल तर पिशवीच्या तोंडावर चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवर पाणी सोडावं. धार फुटते आणि पूड उधळत नाही. फुलपात्राचा आणखी एक फायदा: ते किती मिलिलिटरचं आहे हे घरीच मोजून ठेवलं की बाहेर वजनकाटा लागत नाही. माझं काठाच्या बोटभर खालपर्यंत भरलं की बरोबर १५० होतं. फुलपात्रात घेतल्यानं पाणीही थोडं निवतं. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, फुलपात्रात पडेपर्यंत ते ९३-९४ वर येतं आणि मध्यम भाजलेल्या कॉफीला तेवढं पुरतं.

आता कपाबद्दल, कारण ड्रिप बॅग सर्वांत जास्त बिघडते ती कपापायी. साध्या मगची आतली खोली ९ सेंटिमीटर धरा आणि व्यास ८. लटकलेल्या पिशवीचा तळ काठापासून साडेसहा-सात सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे मगच्या तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर. १३० मिलिलिटर कॉफी अशा मगमध्ये अडीच सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त चढते. म्हणजे शेवटच्या ओतण्याला पिशवीचा तळ कॉफीला टेकतोच. तोपर्यंत काम झालेलं असतं, त्यामुळे लगेच काढली तर चालतं. पण हॉटेलात चहासाठी ठेवलेला बसका कप घेतलात, तर पिशवी पहिल्यापासूनच तळावर बसते. तळ कॉफीत बुडाला की पाणी खाली ओढलं जाणं मंदावतं, खालची पूड भिजत पडते, वरची कोरडीच राहते आणि नवं पाणी बाजूच्या कापडातून पळतं. एकाच पिशवीत काही कॉफी जास्त उतरते, काही उतरतच नाही, आणि चव एकाच घोटात आंबटही लागते व कडवटही. उलट सरळ, उंच काचेचा ग्लास मिळाला तर पिशवी शेवटपर्यंत अधांतरी राहते. कागदी कपाचा काठ मऊ असतो, ओल्या पिशवीनं तो आत दबतो. नाइलाजच असेल तर एकात एक दोन कप घालावेत.

चव बिघडली की नेमकं काय चुकलं हे जिभेवरून ओळखता येतं. कॉफीतले आंबट घटक पाण्यात आधी उतरतात, गोडवा देणारे मागाहून, आणि कडू-तुरट सगळ्यांच्या शेवटी. १० ग्रॅम पुडीतून चांगल्या कपात साधारण २ ग्रॅम विरघळून येतं. त्याहून बरंच कमी आलं की कॉफी आंबट लागते, पण ती कच्च्या कैरीची आंबट, फळाच्या गोडव्याशिवायची, आणि घोट गिळताच तोंडात काही उरत नाही. जास्त उतरलं की जीभ कोरडी पडते, तुरटपणा टाळूला चिकटून बसतो. ड्रिप बॅगमध्ये दुसरी तक्रार क्वचित, पहिलीच नेहमीची. पाणी कमी तापलेलं किंवा ते बाजूनं निघून गेलेलं. रात्री थर्मासमध्ये भरलेलं पाणी सकाळी गरम लागतं, बोट भाजतंही, पण ते ७५-८० अंशांवर आलेलं असू शकतं. त्यानं चहा होतो एक वेळ, ही कॉफी होत नाही.

हे सगळं मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते लेहमध्ये. धाकटा भाऊ आणि मी गेलो होतो. तो व्ही-६० वाला. प्लास्टिकचा ड्रिपर, कागद, हातानं फिरवायचा ग्राइंडर, छोटा वजनकाटा आणि पाव किलो बिया असं सगळं त्याच्या सॅकमध्ये होतं. माझ्याकडे त्याच रोस्टरच्या, त्याच चिकमगळूरच्या मळ्यातल्या कॉफीच्या ड्रिप बॅगा. तुलना करायला याहून सोयीचं काही नव्हतं.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, आणि पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. माझ्या पुड्या बॅगेतून काढल्या तर सगळ्या टम्म फुगलेल्या, कारण आतली हवा खालच्या गावातल्या जास्त दाबाची. पुडी चांगली सीलबंद असल्याची ती खूणच. एखादी चपटी राहिली असती तर तिच्यात कुठेतरी बारीक छिद्र आहे असं मी धरलं असतं. होमस्टेच्या आमा-लेंनी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून दिलं. खळखळ उकळत होतं आणि तरीही ते ८८ च्या वर जाणार नव्हतं. कितीही वेळ उकळा, तापमान तेवढंच.

भावानं पहिल्या सकाळी घरच्या मापानं केली, १५ ग्रॅमला २४० मिलिलिटर. कॉफी आंबट आणि पोकळ. माझीही तशीच, किंबहुना जास्तच. ड्रिप बॅगमध्ये पूड थोडी, कापड पातळ आणि चहूबाजूंनी थंड हवा. ८८ चं पाणी त्या थरात पोचेपर्यंत आणखी निवतं.

"ताई, मी ग्राइंडर तीन खाचा बारीक करतो," तो दुसऱ्या सकाळी म्हणाला. "तू काय करणार? तुझी पूड तर दळूनच आली आहे."

प्रश्न बरोबर होता. पोअर-ओव्हरचं खरं बळ इथेच आहे. पाणी कमी तापतं? मग बारीक दळा, पाण्याला कॉफीचा जास्त पृष्ठभाग मिळतो, उतरायला वेळही जास्त लागतो, आणि कमी तापमानाची उणीव बरीच भरून निघते. त्यानं तसंच केलं. पाणी उतरायला तीन मिनिटांच्या वर गेली आणि कपात गोडवा आला. ड्रिप बॅगमध्ये दळण आपल्या हातात नाही. रोस्टरनं ते सपाटीवरच्या पाण्यासाठी ठरवलेलं असतं.

पण बॅगमध्ये दुसरं एक आहे, जे व्ही-६० मध्ये नाही: ती बुडवता येते. पुण्यात ज्या गोष्टीपासून मी पिशवी जपते तीच इथे कामाला आली. आमा-लेंकडून बसका, जाड चिनी मातीचा कप घेतला आणि तो उकळत्या पाण्यानं दोनदा विसळून गरम केला. फुलपात्र मधे आणलंच नाही. त्यात घेऊन पाणी निवू देणं इथे परवडणार नव्हतं, म्हणून पातेल्यातून पळीनं, उकळी चालू असतानाच, थेट पिशवीत. भिजवण्याला पाऊण मिनिट दिलं. एकूण पाणी १५० वरून १२० वर आणलं. सगळं ओतून झाल्यावर पिशवी काढली नाही. तळ कॉफीत बुडालेला होताच, वर बशी झाकली आणि दोन मिनिटं तशीच ठेवली. मग कान धरून पिशवी पाच-सहा वेळा वर-खाली केली आणि निथळून बाहेर काढली.

पाणी आधी वरून गेलं आणि नंतर पूड भिजत पडली, असे दोन्ही प्रकार एकात झाले. बुडालेल्या पिशवीतून एक भाग जास्त आणि एक भाग कमी उतरतो हे मघाशी म्हटलं, पण ८८ अंशांवर जास्त उतरण्याची भीतीच फारशी नसते. वर-खाली केल्यानं वरची पूडही भिजली. भावाच्या कपात सुगंध जास्त होता, चव जास्त स्वच्छ होती. माझ्या कपात दाटपणा जास्त होता, जरा गढूळ, पण आंबटपणा गेलेला आणि मागे गूळचट चव राहणारी. सरस त्याचीच होती. पुढच्या मुक्कामात मात्र चित्र पालटलं. नुब्राकडे निघताना पहाटे गाडी दाराशी, बाहेर वारा, आणि हाताशी पाच मिनिटं. त्याला ग्राइंडर काढणं, दळणं, कागद भिजवणं, काटा सपाट जागेवर ठेवणं काही जमलं नाही. माझी तेव्हाही तशीच झाली जशी आदल्या दिवशी झाली होती.

यावरून माझा हिशेब पक्का झाला. एका जागी चार-सहा दिवस मुक्काम असेल, सकाळ आपल्या मालकीची असेल, तर व्ही-६० न्यावं. रोज गाव बदलत असेल तर ड्रिप बॅग. वजनाचं म्हणाल तर एक पुडी १५ ग्रॅमच्या आसपास. धातूचा चांगला ग्राइंडर एकटाच अर्धा किलोच्या घरात जातो, शिवाय काटा आणि बिया. दोघांनी रोज दोन कप प्यायचे असतील तर बॅगांचा ढीग मोठा होतो, जागाही खातो, आणि प्रत्येक कपामागे पैसेही बियांपेक्षा जास्त जातात. मधला मार्ग म्हणून लोक ड्रिपर नेतात आणि कॉफी घरून दळून नेतात. तो मला सर्वांत कमी पसंत आहे, आणि त्याचं कारण ताजेपणात आहे.

दळलेल्या कॉफीला हवा फार लवकर लागते. बी अख्खी असताना जो वास तिच्या पोटात असतो, तो दळल्याबरोबर उघडा पडतो. डब्यातली पूड दोन-तीन दिवसांत सपक होऊ लागते, आणि प्रवासात तो डबा रोज उघडावा लागतो. ड्रिप बॅगची बाहेरची पुडी याच कारणानं धातूचा थर असलेली असते. चांगले रोस्टर सील करण्याआधी तिच्यात नायट्रोजन भरून आतली हवा हुसकावतात. प्रत्येक कपाची पूड पिण्याच्या क्षणापर्यंत बंद राहते, ही या वस्तूची सर्वांत मोठी जमेची बाजू. अर्थात नायट्रोजननं काळ मंदावतो, थांबत नाही. त्यामुळे पुडीवर पॅकिंगची तारीख पाहावी. नुसतीच 'अमुक महिन्यांच्या आत वापरा' असं असेल तर कॉफी कधी भाजली हे कळत नाही. माझी पसंती भाजून दोन-तीन महिन्यांच्या आतल्या पुड्यांना.

फोडल्यावरही ताजेपणा पाहता येतो. पहिलं पाणी घातल्यावर पूड फुगून वर आली, बारीक बुडबुडे दिसले, की तिच्यात अजून वायू शिल्लक आहे. मात्र अख्ख्या बिया तेव्हाच दळल्यावर जो टपोरा फुगवटा येतो तो इथे शोधू नये. दळून पुडीत भरेपर्यंत बराच वायू निघून गेलेला असतो, ताज्या बॅगेतही फुगवटा माफकच दिसतो. काहीच हललं नाही, पूड चिखलासारखी बसली आणि पुडी फोडताना वासही पुठ्ठ्याचा आला, तर कुठल्याही ओतण्यानं ती सुधारणार नाही.

कचऱ्याचा मुद्दा मला खरोखर लागतो. एका कपामागे बाहेरची पुडी, पुठ्ठ्याचे कान, कापड आणि चोथा एवढं उरतं. व्ही-६० चा कागद चोथ्यासकट कुंडीत जातो. ड्रिप बॅगचं कापड अनेकदा प्लास्टिकच्या धाग्याचं असतं. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून केलेल्या पीएलए धाग्याचंही मिळतं, पण तेसुद्धा घरच्या कुंडीत सहजी कुजत नाही, त्याला कारखान्यातल्या कंपोस्टची उष्णता लागते. आणि बाहेरची पुडी तर थरावर थर असलेली, जी कुणी भंगारवाला घेत नाही. लेहसारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक कचरा पुन्हा ट्रकनंच खाली न्यायचा, तिथे ही पुडी टाकून येणं मला पटत नाही. ओली पिशवी पिळून चोथा झाडाखाली मोकळा करायचा, कापड आणि कान पुन्हा त्याच बाहेरच्या पुडीत घालायचे, तोंड दुमडून रबर लावायचं आणि घरी परत आणायचं. गडावर गेलं तरी तेच. पुडी अगदी टोकापर्यंत न फाडता एका बाजूनंच फाडली तर ती या कामाला चांगली पडते.

एक प्रश्न आपल्याकडे हमखास येतो: दूध घालायचं का? घरोघरी कॉफी म्हणजे दुधाची, साखरेची, वर जायफळ किसलेली. तिच्यात रमलेल्या माणसाच्या हातात ही काळी, पातळ कॉफी दिली की तो दूध मागणारच. माझ्या सासूबाईंनीही मागितलं होतं. १३० मिलिलिटरच्या कपात दूध ओतलं तर कॉफी कुठे गेली ते कळत नाही, कारण मुळात त्यात शंभर भागांत दीडेक भागच कॉफी असते, बाकी पाणी. दूध हवंच असेल तर पाणीच कमी घालायचं: १० ग्रॅमला ८० मिलिलिटर, हळूहळू, शेवटी पिशवी अर्धा मिनिट बुडवून. त्यात ३० मिलिलिटर कडकडीत दूध आणि साखर. यासाठी गडद भाजलेली पुडी घ्यावी. हलकी भाजलेली फळांच्या चवीची कॉफी दुधात विचित्र आंबते. सासूबाईंना गडद पुडी आवडली, वर जायफळाची चिमूट मात्र त्यांनी घातलीच, आणि ती चांगली लागली.

गेल्या काही काळापासून मी रिकाम्या ड्रिप बॅगा मागवते. कान लावलेल्या, वरून उघड्या. पूड आपण भरायची आणि वरची कड गरम सीलरनं चिकटवायची. पीएलएच्या पिशव्या सीलरच्या फार जास्त उष्णतेनं आक्रसतात, म्हणून आधी एका रिकाम्या पिशवीवर बेत बसवावा. यात दळण पुन्हा आपल्या हातात येतं. खालच्या गावांसाठी बारीक रव्याच्या जवळ, डोंगरात जायचं असेल तर त्याहून एक पायरी बारीक. फार बारीक केलं, अगदी दक्षिणी फिल्टरच्या पुडीइतकं, तर कापडाची छिद्रं बुजतात, पिशवीत तळं साचतं आणि मग पाणी पुन्हा बाजूनंच वाट काढतं. मी १२ ग्रॅम भरते, कारण १० ग्रॅमला थर जरा उथळ पडतो; १४ वर गेलं तर पाण्याला जागा उरत नाही.

घरी नायट्रोजन नसतो, त्यामुळे या भरलेल्या बॅगा टिकत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री दळायचं, भरायचं, झिपच्या जाड पिशवीत हवा दाबून काढून बंद करायचं, आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. त्याहून लांबचा प्रवास असेल तर पहिल्या दिवसांसाठी घरच्या आणि पुढच्या दिवसांसाठी रोस्टरच्या बंद पुड्या, अशी मी सरमिसळ नेते. भावानं आता ग्राइंडर घरी ठेवून अशाच पिशव्या भरायला घेतल्या आहेत. फक्त मुक्काम एकाच जागी असला की त्याचा ड्रिपर अजूनही सॅकमध्ये असतो, आणि तेव्हा कॉफी त्यानंच करावी असं माझं म्हणणं असतं.